कळणं आणि बोलणं यांच्यामधली जागा

प्रश्न: "शाळेतल्या क्विझवर लघुकथा लिहितोय. अमेय नावाचा सातवीतला लाजाळू मुलगा आहे. भूगोल, इतिहास, जीवशास्त्र, गणित असे एकमेकांशी काहीच संबंध नसलेले प्रश्न त्याच्या टीमला येतात आणि शेवटी तो टीमला जिंकून देतो. कथेत बारा प्रश्न घातलेत. खर्डा दोघांना वाचायला दिला, दोघंही म्हणाले की कथा कमी आणि सामान्यज्ञानाचं पुस्तक जास्त वाटतंय. प्रश्न कमी करू का? की सगळे प्रश्न एखाद्या विषयात बांधून घेऊ?"

उत्तर:

कमी करा, चारवर आणा. विषयात मात्र बांधू नका. मी बरीच वर्षं शाळांच्या प्रश्नमंजुषा घेत आले आहे आणि मुलांसाठीच्या कथांचं संपादनही करते, म्हणून दोन्ही बाजूंनी सांगते. तुमच्या वाचकांना प्रश्न वेगवेगळ्या विषयांतले असल्याचा त्रास झालेला नाही. बाराही प्रश्न कथेत एकच काम करतात, त्याचा झाला आहे. प्रश्न येतो, अमेयला धडधडतं, उत्तर बरोबर निघतं, टाळ्या. दुसऱ्या खेपेलाच वाचकाला पुढचं सगळं कळून चुकतं.

लाजाळू मुलाच्या कथेत "त्याला उत्तर येतं का?" हा प्रश्न फार लवकर संपतो, कारण त्याला येतच असतं. खरी कथा उत्तर डोक्यात येणं आणि तोंडातून बाहेर पडणं यांच्यामध्ये घडते. त्यामुळे प्रत्येक प्रश्नावर ही मधली जागा वेगळ्या कारणाने अडली पाहिजे. विषय कितीही विखुरलेले असोत, धागा तिथेच सापडतो.

सुरुवात अशा प्रश्नाने करा, ज्याचं उत्तर सोपं आहे पण मोठ्याने उच्चारायला अवघड आहे. प्रश्न निवडताना लेखक त्याची काठिण्यपातळी बघतात. लाजाळू मुलाच्या बाबतीत मी आधी उत्तराचा आवाज ऐकते. "किनारा नसलेला समुद्र कोणता?" या प्रश्नाचं उत्तर आहे सारगासो. तो उत्तर अटलांटिकमध्ये आहे आणि त्याच्या सीमा जमिनीने आखलेल्या नसून चार सागरी प्रवाहांनी आखल्या आहेत. पश्चिमेला गल्फ स्ट्रीम वाहतो, पूर्वेला कॅनरी प्रवाह. तिथल्या पाण्यावर तरंगणाऱ्या सरगॅसम नावाच्या शेवाळावरून त्याला हे नाव मिळालं. क्विझची तयारी केलेल्या मुलाला हे माहीत असतं. पण "सारगासो" हा शब्द त्याने फक्त वाचलेला असतो, कुणाच्या तोंडून ऐकलेला नसतो. उच्चार असाच आहे का, याचीही त्याला खात्री नसते. शब्द ऐकायलाही बनावट वाटतो. शेजारी आत्मविश्वासाने बोलणारी कॅप्टन बसलेली असेल, तर पुढे काय होतं हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की ते डोळे मिटून लिहिता येईल:

"मृत समुद्र ना?" सानिका वळून म्हणाली.
"सारगासो," अमेय म्हणाला.
"काय?"
"सा... नाही, काही नाही."
"मृत समुद्र," सानिका माइकवर म्हणाली.

इथे थांबा. अमेयला किती वाईट वाटलं, हे लिहू नका. मृत समुद्र हे खरं तर चारी बाजूंनी जमीन असलेलं खारं सरोवर आहे, म्हणजे तो सगळा किनाराच किनारा. हे अमेयला ठाऊक आहे आणि तरीही तो गप्प बसला, एवढं एका वाक्यात आलं की पुरे. शाळेच्या क्विझमध्ये सर्वांत जास्त घडणारी गोष्ट हीच आहे: बरोबर उत्तर प्रश्नार्थक सुरात कुजबुजलं जातं, चुकीचं उत्तर ठाम आवाजात येतं आणि टीम ठाम आवाजाच्या मागे जाते. नियमाप्रमाणे माइकवरचं पहिलं उत्तर धरतात. प्रश्न पुढच्या टीमकडे जातो आणि तिथला कुणी आरामात "सारगासो" म्हणतो. अमेयने तो शब्द दुसऱ्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला, तोही परीक्षकांनी मान हलवताना.

आता सानिकाला कळलं आहे की शेजारच्या मुलाला येतं. पुढच्या प्रश्नाला ती त्याला कोपराने ढोसून बोलायला लावणार. बहुतेक लेखक इथे त्याला बरोबर उत्तर देऊ देतात. माझं मत उलट आहे. पहिल्यांदा मोठ्याने बोलतो तेव्हा तो चुकला पाहिजे, आणि अज्ञानामुळे नको, जास्त वाचल्यामुळे चुकला पाहिजे.

त्यासाठी ग्रेगोरियन कालगणनेचा प्रश्न चांगला. "१५८२ साली ही कालगणना पहिल्यांदा लागू झाली, तेव्हा ऑक्टोबर महिन्यातले किती दिवस गाळले गेले?" त्या वर्षी इटली, स्पेन, पोर्तुगाल अशा देशांत ४ ऑक्टोबरनंतरचा दिवस १५ ऑक्टोबर होता. म्हणजे उत्तर दहा. ब्रिटनने मात्र हा बदल १७५२ साली केला आणि तिथे २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर उजाडला, म्हणजे अकरा दिवस गेले. मधल्या काळात जुनी कालगणना आणखी एका दिवसाने मागे पडली होती, कारण १७०० हे वर्ष तिच्यात लीप होतं आणि नव्या कालगणनेत नव्हतं. अमेयने ब्रिटनची गोष्ट वाचलेली आहे. तो "अकरा" म्हणतो. अर्धवट वाचलेला मुलगा असा चुकत नाही. तो "दहा" असा अंदाज ठोकून मोकळा होतो, नाहीतर पास म्हणतो. वाचकाला नंतर एका ओळीत चूक कशी झाली ते कळलं की अमेयविषयीचा आदर वाढतो आणि गुण मात्र जातात. शिवाय सानिकाचा नुकताच बसलेला विश्वास डळमळतो. पुढच्या दोन्ही प्रश्नांवर त्याची सावली राहील.

तिसऱ्या प्रश्नाआधी नियमांबद्दल थोडं. क्विझच्या कथेत नियम पार्श्वभूमीला पडून राहतात. खरं तर ताण तेच तयार करतात. वाचकाला सगळे नियम सांगू नका, जे अमेयला टोचतात तेवढेच सांगा. थेट प्रश्नाला दहा गुण आणि तीस सेकंद. पास होऊन आलेल्या प्रश्नाला पाच गुण, पण वेळ जेमतेम पाच-सात सेकंद. ऐकायला पासचा प्रश्न कठीण वाटतो. लाजाळू मुलाला तो सर्वांत सोयीचा असतो. दुसरी टीम तीस सेकंद कुजबुजत असते, तेव्हा याच्याकडे कुणीच बघत नसतं. त्याला शांतपणे विचार करता येतो. म्हणून तिसरा प्रश्न पास होऊन आलेलाच ठेवा.

"ऑक्टोपसचं रक्त कोणत्या धातूमुळे निळं दिसतं?" उत्तर तांबं. आपल्या रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनमध्ये लोह असतं, ऑक्टोपसच्या हिमोसायनिनमध्ये तांबं असतं. अमेयला हिमोसायनिन हा शब्द ठाऊक नसावा. त्याला प्रयोगशाळेतल्या बाटलीतले मोरचुदाचे निळे खडे आठवावेत. आपलं रक्त लाल ते लोहामुळे, मग निळं कशामुळे? मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. म्हणून तांबं. जीवशास्त्राच्या प्रश्नाला रसायनाच्या कपाटातून उत्तर मिळालं. तुम्हाला विषय एकमेकांत बांधायचे होते ना, ते असे एका मुलाच्या डोक्यात बांधले जातात. बाहेरून बांधावे लागत नाहीत.

हा तर्क पक्का नाही, हेही लक्षात ठेवा. कोबाल्टचे काही क्षारसुद्धा निळे असतात, आणि कोरड्या कोबाल्ट क्लोराइडचा निळा रंग अमेयने पाहिलेला असू शकतो. म्हणजे हे उत्तर फार तर चांगला अंदाज आहे. लाजाळू मुलाची खरी अडचण नेमकी इथे असते. शंभर टक्के खात्री झाल्याशिवाय बोलायचं नाही, असा त्याने स्वतःला घातलेला नियम असतो. बडबडी मुलं चाळीस टक्क्यांवर बोलतात आणि क्विझ बहुतेकदा तीच जिंकतात. नुकतंच "अकरा" म्हणून तोंडघशी पडलेला अमेय अंदाज बोलून दाखवणार नाही. तो कच्च्या कागदावर "तांबं?" असं लिहील आणि कागद सानिकाकडे इंचभर सरकवील. प्रश्नचिन्ह तिला दिसलं पाहिजे. ती एक क्षण त्याच्याकडे बघते, मग माइकवर प्रश्नचिन्ह काढून वाचते. पाच गुण.

कच्चा कागद तुमच्या खर्ड्यात कुठेच नाही. प्रत्येक टेबलावर तो असतो, आणि बोलायला घाबरणाऱ्या मुलाचा तो दुसरा आवाज असतो. सुरुवातीलाच, कार्यक्रम चालू व्हायची वाट पाहताना, अमेय त्यावर आठ बाय आठची जाळी काढत बसला आहे असं दाखवा. शेवटच्या प्रश्नाची तयारी तिथे होते.

तो शेवटचा प्रश्न बझरचा असू द्या आणि एकच असू द्या. बझरचा अख्खा राउंड लिहायला गेलात तर गुणांचा हिशेब सांभाळता येणार नाही. बरोबर उत्तराला दहा, चुकीला वजा पाच. दाबलं की प्रश्न वाचणं थांबतं आणि पाच सेकंदांत उत्तर द्यावं लागतं, तेही दाबणाऱ्यानेच. कॅप्टनला विचारता येत नाही. अमेयसाठी ही सर्वांत वाईट व्यवस्था आहे. हाताला लाज नसते, तो पुढे जातो, आणि मग तोंडाला त्याच्या मागून जावंच लागतं. त्याच्याकडे अजून एक मार्ग असतो, न दाबण्याचा. तो मार्ग शहाणपणाचा वाटेल अशी गुणस्थिती तुम्ही रचायला हवी, म्हणजे गप्प राहायला त्याला सभ्य कारण मिळेल.

एक हिशेब करून देते. तीन टीम, प्रत्येकीला सहा थेट प्रश्न. अमेयच्या टीमचे चार बरोबर आले, म्हणजे चाळीस, आणि ऑक्टोपसचे पाच, एकूण ४५. त्यांचे चुकलेले दोन, म्हणजे सारगासो आणि कालगणना, शेजारच्या दुसऱ्या टीमने उचलले. तिचे स्वतःचे चार बरोबर, वर हे दहा, एकूण ५०. दुसऱ्या टीमचे चुकलेले दोन तिसरीने घेतले. तिचे स्वतःचे तीनच बरोबर आले होते, म्हणून तिचे ४०. ऑक्टोपसचा प्रश्न तिसऱ्या टीमलाच आला होता आणि तिथून अमेयकडे पास झाला. तिचे उरलेले दोन कुणालाच आले नाहीत. आता बझरवर अमेय बरोबर ठरला तर ५५ आणि पहिला क्रमांक. चुकला तर ४०, म्हणजे दुसरा क्रमांकही धोक्यात. गप्प बसला तर बहुधा दुसरा क्रमांक शाबूत. "बहुधा" अशासाठी की तिसऱ्या टीमने उत्तर दिलं तर ती पन्नासवर जाऊन यांना मागे टाकेल. अमेयने हा "बहुधा" मनातल्या मनात वगळला तर ते त्याच्या स्वभावाला धरून होईल.

प्रश्न बुद्धिबळाच्या पटाचा घ्या. पटावर चौसष्ट घरं असतात हे सगळ्यांना माहीत असतं. लहानमोठे सगळे चौरस मोजले तर मात्र २०४ भरतात. संपूर्ण पटाएवढा चौरस एक, सात घरं लांबीचे चार, सहा घरांचे नऊ, असं मोजत शेवटी एका घराचे चौसष्ट. एकपासून आठपर्यंतच्या आकड्यांच्या वर्गांची ही बेरीज. आयत मोजले, चौरसही त्यांत धरले, तर उत्तर पार बदलतं. एकपासून आठपर्यंतची साधी बेरीज छत्तीस, आणि छत्तीस गुणिले छत्तीस म्हणजे १२९६. अमेयला दोन्ही आकडे येतात, कारण वाट पाहताना त्याने कागदावर तेच केलं होतं. पाच सेकंदांत ही बेरीज कुणालाही जमत नाही, म्हणून आकडे आधीच वाचकाच्या नजरेखालून गेलेले असले पाहिजेत. जाळीखाली दोन ओळी: "चौरस २०४. आयत १२९६." वाचक त्या विसरून जातो, आणि तेच आपल्याला हवं असतं.

मग शेवट असा काहीसा:

"बुद्धिबळाच्या पटावर आठ आडव्या आणि आठ उभ्या रांगा असतात. तर या पटावर लहानमोठे मिळून एकूण किती..."
दिवा लागला. अमेयने बोटाकडे पाहिलं. ते त्याचंच होतं.
"उत्तर?" बाई म्हणाल्या.
आकडे दोन होते. सानिका कागद शोधत होती, आणि तिला आता विचारता येणार नव्हतं.
"दोनशे चार."
"ऐकू आलं नाही."
"दोनशे चार," तो म्हणाला, आणि या वेळी माइक घुमला.
बाईंनी कार्ड डोळ्यांपुढे धरलं. "आधी प्रश्न पूर्ण वाचते. या पटावर लहानमोठे मिळून एकूण किती चौरस..."

"चौरस" या शब्दावर कथा संपवा. दाबल्यानंतर तोडलेला प्रश्न श्रोत्यांसाठी पूर्ण वाचण्याची पद्धत खरोखरच आहे, त्यामुळे हा शेवट ओढून आणलेला वाटत नाही. बरोबर की चूक, हे बाईंनी सांगायची गरजच उरत नाही, कारण चौरसाचा आकडा वाचकाला ठाऊक आहे. निकाल लपवून वाचकाला ताटकळत ठेवणारा शेवट मला आवडत नाही. इथे निकाल लपलेला नाही, फक्त तो वाचकाने स्वतः लावायचा आहे. "ऐकू आलं नाही" हे वाक्यही काढू नका. लाजाळू मुलाला क्विझमध्ये उत्तर नेहमी दोनदा द्यावं लागतं, आणि दुसऱ्यांदा द्यायला जास्त धैर्य लागतं.

तुमच्या बारांपैकी प्लूटोचा प्रश्न टाकून देताना जीव तुटेल, तरी टाका. १९३० साली अकरा वर्षांच्या व्हेनेशिया बर्नीने नव्या ग्रहासाठी आजोबांना प्लूटो हे नाव सुचवलं आणि ते खरंच ठेवलं गेलं. गोष्ट खरी आहे, गोडही आहे. लाजाळू मुलाच्या कथेत मात्र ती आली की लेखक मागून ढकलतोय हे दिसतं: बघा, एका लहान मुलीने तोंड उघडलं आणि काय झालं! प्रश्नांनी अमेयला उपदेश करू नये. ते विखुरलेले आहेत आणि त्यांना त्याची पर्वा नाही, यातच त्यांचा खरेपणा आहे.

जगातली सर्वांत लांब नदी आणि शनीचे चंद्र हे दोन प्रश्नही काढा. नदीच्या बाबतीत नाईल की अ‍ॅमेझॉन हा वाद अजून आहे, आणि शनीच्या चंद्रांची संख्या नवे सापडतील तशी बदलते. कथा चार-पाच वर्षांनी कुणी वाचली तर तो तुमची चूक काढेल आणि अमेयला विसरेल. वादग्रस्त उत्तर कथेत एकाच कारणासाठी आणावं: वाद हेच कथानक असेल तर. लाजाळू मुलाने उभं राहून परीक्षकांशी वाद घालणं ही वेगळी कथा आहे, आणि तिला याहून बरीच जास्त जागा लागेल.

राहिला टीममधला तिसरा मुलगा. तुमच्या खर्ड्यात तो फक्त हसतो. त्याला घड्याळाकडे बघायचं काम द्या. ऑक्टोपसच्या वेळी "तीन... दोन..." असं तो हळू मोजतो, आणि त्या मोजण्यामुळेच कागद सरकतो. दुसरं काही त्याने केलं नाही तरी चालेल. पारितोषिकाचा शेवटचा परिच्छेद आणि मुख्याध्यापकांचं भाषण मात्र सरळ काढून टाका. दोन्ही मिळून जवळजवळ पानभर आहेत, आणि सारगासोच्या प्रसंगाला हव्या असलेल्या जागेची सोय तिथूनच होईल.